प्रूफ पास झाल्यावरच छपाई : छापील मालाचं कोटेशन बनवण्यापासून काम मशीनवर चढेपर्यंत

"५०० कापडी पिशव्यांवर आमचा लोगो छापून हवा आहे, दर कळवा." चौकशी बहुतेक वेळा एवढीच येते, आणि ज्याला लवकर उत्तर देऊन काम पटकवायचं असतं तो लगेच एक आकडा कळवून मोकळा होतो. त्या आकड्यामागे लोगो किती रंगांचा, पिशवी कोणत्या रंगाची, छाप केवढी, या सगळ्याचा अंदाज असतो. पण तो अंदाज कागदावर कुठेच नसतो. छपाईआधी ग्राहकाला मंजुरीसाठी दाखवायचं पान, म्हणजेच प्रूफ, बनवायची वेळ येते तेव्हा अंदाज आणि वस्तुस्थिती यांतला फरक उघडा पडतो आणि वाद तिथेच सुरू होतो.

छापील मालाचं कोटेशन आणि आर्टवर्कचं प्रूफ ही दोन स्वतंत्र कामं नाहीत. कोटेशनमध्ये आपण काही गोष्टी गृहीत धरतो, प्रूफमध्ये त्या पक्क्या होतात आणि ग्राहकाच्या मंजुरीने छपाईचं घड्याळ सुरू होतं. हे तिन्ही दुवे एकमेकांना कसे बांधायचे, ते या पिशव्यांच्याच उदाहरणावर पाहू. पद्धत स्क्रीन प्रिंटिंगची धरू, कारण त्यात तयारीचा खर्च स्पष्ट वेगळा दिसतो.

आधी गृहीतकं लिहून काढा

दर काढण्यापूर्वी पाच गोष्टी कळायला हव्यात: कोरा माल नेमका कोणता, नग किती, छाप किती ठिकाणी आणि किती मोठी, रंग किती, आणि माल कुठे व कधी पोहोचवायचा. ग्राहकाला यातलं सगळं सांगता येईलच असं नाही. जे त्याने सांगितलं नाही ते तुम्ही ठरवा, पण कोटेशनवर लिहा. आपल्या कामाचं वर्णन असं होईल, त्यातलं जीएसएम म्हणजे कापडाचं चौरस मीटरमागे ग्रॅममधलं वजन:

"न रंगवलेल्या सुती कापडाची पिशवी, १४० जीएसएम, ३८ × ४२ सें.मी. छपाई एका बाजूला, २ सपाट रंग, छापेची रुंदी जास्तीत जास्त २४ सें.मी. नग ५००. वरीलपैकी काहीही बदलल्यास सुधारित कोटेशन दिलं जाईल."

शेवटचं वाक्य नुसतं औपचारिक नाही. 'सपाट रंग', म्हणजे छटा किंवा सावली नसलेले रंग, हे शब्दही तिथे मुद्दाम आहेत. लोगो दोन रंगांचा आहे असं ग्राहक सांगतो, पण फाईल उघडल्यावर निळ्यातून हलक्या निळ्यात विरघळणारी छटा आणि अक्षरांमागे करडी सावली निघते. ग्राहक खोटं बोललेला नसतो. त्याच्या डोळ्याला ते दोनच रंग दिसतात. छपाईत मात्र त्या छटेसाठी ठिपक्यांची जाळी करावी लागते, सावलीसाठी तिसरा रंग लागतो, किंवा दोन्ही काढून लोगो सपाट करून घ्यावा लागतो.

दर कसा बसवायचा

चलन कोणतंही असू द्या, कोऱ्या पिशवीची किंमत १०० धरू आणि बाकीचे आकडे त्या प्रमाणात घेऊ. हे आकडे केवळ गणितासाठी आहेत. तुमचे तुम्ही घाला.

काही खर्च नगांवर अवलंबून नसतो. स्क्रीन म्हणजे शाई जिच्यातून कापडावर उतरते ती चौकटीत ताणलेली जाळी. प्रत्येक रंगाची एक, म्हणजे दोन रंगांच्या मिळून ३०००. मशीनवर बसवणं, रंग जुळवून घेणं आणि छपाईनंतरची सफाई रंगामागे १०००, म्हणजे २०००. लोगो नव्याने रेखाटून घेणं १०००. एकूण ६०००. एक पिशवी छापा किंवा हजार छापा, हे ६००० लागणारच.

उरलेला खर्च नगामागे आहे: पिशवी १००, दोन रंगांची छपाई २४, रंग तापवून पक्का करणं आणि बांधणी १०, बेरीज १३४. यात वाया जाणारा माल धरायला हवा. १०० पैकी ३ पिशव्या डाग, सरकलेली छाप किंवा शिवणीतला दोष यांमुळे जातील असं धरलं, तर १३४ ला ०.९७ ने भागायचं, म्हणजे १३८. त्याच हिशेबाने ५०० चांगले नग देण्यासाठी कोऱ्या पिशव्या ५१६ मागवाव्या लागतात. नुसते ५०० मागवणाऱ्याला शेवटच्या दिवशी दहा-पंधरा पिशव्यांसाठी पळापळ करावी लागते, आणि नवीन गठ्ठ्यातल्या कापडाची छटा थोडी निराळी निघते.

तयारीचे ६००० जर ५०० नगांवर वाटले तर नगामागे १२ येतात आणि खर्च १५० होतो. विक्रीच्या किमतीवर २५ टक्के नफा ठेवायचा असेल तर १५० ला ०.७५ ने भागा: २००. (१५० वर २५ टक्के चढवले तर १८७.५० येतात आणि विक्रीवरचा नफा २० टक्केच उरतो. हे दोन हिशेब एकच समजणारे पुष्कळ लोक वर्षभर कमी दराने काम करत राहतात.)

आता प्रश्न असा, की कोटेशनमध्ये 'नगास २००' असं लिहायचं, की तयारीचा खर्च वेगळा दाखवायचा? एकच आकडा ग्राहकाला सोपा वाटतो, हे खरं. तरी मी वेगळा दाखवण्याच्या बाजूचा आहे, आणि त्याचं कारण प्रूफच्या टप्प्यात दडलेलं आहे. प्रूफ पाहून झाल्यावर ग्राहक म्हणतो, "सध्या २०० नगच करू, दर तोच ठेवा." २०० नगांचा खरा खर्च नगामागे १६८ आहे, कारण ६००० आता २०० वरच वाटले जातात. तुम्ही २०० दराला हो म्हणालात तर नफा २५ टक्क्यांवरून १६ वर येतो, आणि दर वाढवतो म्हणालात तर तुम्ही शब्द फिरवल्यासारखं दिसतं. त्याऐवजी सुरुवातीलाच 'तयारी एकदाच ८०००, छापील पिशवी नगास १८४' असं लिहिलं असतं, तर ५०० नगांचे १,००,००० झाले असते, २०० नगांचे ४४,८००, आणि कुणाला काही समजावून सांगावं लागलं नसतं. काम मधेच रद्द झालं तर काय आकारायचं याचं उत्तरही याच मांडणीतून निघतं.

फाईल आली की प्रूफच्या आधी कोटेशन तपासा

ग्राहकाने कोटेशन मान्य केलं, फाईल पाठवली, आणि डिझायनरने लगेच प्रूफ बनवायला घेतलं. इथे एक पायरी सुटते. आधी फाईल कोटेशनशेजारी ठेवून पाहायची. रंग तितकेच आहेत का? आकार बसतो का? जागा एकच आहे का? फरक असेल तर प्रूफ पाठवण्याआधी सुधारित कोटेशन जायला हवं. सुंदर प्रूफ पाहून ग्राहक खूश झाल्यावर 'याचे जास्त पडतील' असं सांगणं फार अवघड जातं, आणि त्याचं म्हणणं चूकही नसतं: जास्त पडणार होते तर हे दाखवलंच का?

आपल्या उदाहरणात दोन गोष्टी निघाल्या असं समजा. पहिली, लोगो ६०० पिक्सेल रुंदीच्या जेपीजी चित्राच्या रूपात आला. तो २४ सें.मी. रुंद छापायचा तर इंचाला जेमतेम ६४ पिक्सेल पडतात. स्वच्छ कडेसाठी नेहमी ३०० धरतात, म्हणजे जवळजवळ २८४० पिक्सेल हवेत. चित्र ताणून मोठं केल्याने माहिती वाढत नाही, फक्त कडा धूसर होतात. सपाट रंगांच्या लोगोसाठी खरा उपाय म्हणजे वेक्टर फाईल, जिच्यात आकार पिक्सेलऐवजी रेषांनी साठवलेला असतो आणि कितीही मोठा केला तरी कडा स्वच्छ राहतात. ती ग्राहकाकडे नसेल तर लोगो रेखाटून घ्यावा लागतो, आणि तो खर्च आपण धरला आहे.

दुसरी गोष्ट जास्त महागात पडणारी आहे. फाईलसोबतच्या निरोपात ग्राहक सहज लिहितो, "पिशवी गडद निळी करू या, मळत नाही." त्याच्या दृष्टीने हा फक्त पिशवीचा रंग आहे. पण गडद कापडावर लाल किंवा पिवळा रंग थेट छापला तर खालचं निळं वर येतं आणि रंग मरतो. म्हणून आधी पांढऱ्याचा थर छापून, तो झटपट सुकवून, त्यावर बाकीचे रंग चढवावे लागतात. म्हणजे एक जादा स्क्रीन, एक जादा तयारी आणि नगामागे एक जादा छाप. आपल्या आकड्यांत तयारीचा खर्च ६००० वरून ८५०० वर जातो आणि नगामागची छपाई १२ ने वाढते. ५०० नगांचा दर २०० वरून साधारण २२३ होतो. रंगीत पिशवी मुळातच महाग असेल तर तो फरक निराळा. न रंगवलेल्या पिशवीचं गृहीतक कोटेशनवर लिहिलेलं असेल तर हे सांगायला दोन ओळी पुरतात.

प्रूफवर काय असावं

प्रूफ म्हणजे पिशवीच्या फोटोवर लोगो चिकटवलेलं चित्र, असा समज आहे. ते चित्र ग्राहकाला कल्पना यावी म्हणून हवंच, पण छपाई करणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. प्रूफच्या पानावर आर्टवर्क मूळ आकारात हवं आणि शेजारी १० सें.मी. ची मोजपट्टी हवी. ग्राहकाने पान घरी छापलं आणि प्रिंटरने ते पानात बसवण्यासाठी लहान केलं, तर मोजपट्टी फूटपट्टीला लावून ते लगेच कळतं. छापलेला लोगो कापून प्रत्यक्ष पिशवीवर धरून पाहायला सांगा. "लोगो फार लहान आला" ही तक्रार त्यानंतर सहसा येत नाही.

छापेची जागा मापाने लिहा: वरच्या शिवणीपासून १२ सें.मी. खाली, आडवी मध्यावर, ५ मि.मी. इकडेतिकडे. ही सूट कापडी मालाला द्यावीच लागते, कारण पिशव्या मुळातच एकसारख्या शिवलेल्या नसतात.

रंगाचं नाव डोळ्याने नव्हे, रंगपुस्तकातल्या क्रमांकाने द्या. उदाहरणार्थ पँटोन १८६ सी. त्याच ओळीत हेही लिहा, की मोबाईल किंवा संगणकाच्या पडद्यावर दिसणारा रंग हा छपाईचा रंग नव्हे. मोबाईल प्रकाशाने रंग दाखवतो, कापड शाईने दाखवतं. शिवाय न रंगवलेल्या सुती कापडाला स्वतःची पिवळसर झाक असते. 'रंग हुबेहूब जुळेल' असं आश्वासन कोटेशनमध्येही देऊ नका आणि प्रूफवरही नको. 'दिलेल्या क्रमांकाच्या शक्य तितक्या जवळ, कापडाच्या छटेनुसार थोडा फरक संभवतो' हे खरं आहे आणि पुरेसं आहे.

बारीक मजकुराकडे डिझायनरने स्वतः लक्ष वेधावं. कापडावर सुमारे ०.३५ मि.मी. पेक्षा बारीक रेघ तुटते, आणि रंगीत पट्टीतून कोरून काढलेली बारीक अक्षरं शाई पसरल्याने बुजतात. लोगोखालची छोटी ओळ या कसोटीला उतरत नसेल तर 'ही ओळ वाचता येणार नाही, मोठी करावी किंवा काढावी' असं प्रूफवरच लिहायचं. ग्राहकाने मंजूर केलं म्हणून न वाचता येणारी ओळ छापून देणं कागदोपत्री बरोबर असेल, पण तो ग्राहक पुन्हा येत नाही.

देवनागरी मजकूर असेल तर एक वेगळीच काळजी. फॉन्ट दुसऱ्या संगणकावर नसला, किंवा डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांची मांडणी चालू नसली, की जोडाक्षरं सुटी होतात आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या भलत्याच बाजूला जाऊन बसते. म्हणून अक्षरं कर्व्ह करूनच, म्हणजे त्यांचं आकृत्यांत रूपांतर करूनच फाईल मागवा. मात्र कर्व्ह केलेल्या फाईलमध्ये शुद्धलेखन दुरुस्त करता येत नाही, तेव्हा मूळ मजकूर टाइप केलेल्या रूपात वेगळा मागून ठेवा आणि प्रूफवरचा मजकूर त्याच्याशी अक्षर-अक्षर ताडून पाहा.

प्रत्येक प्रूफवर कोटेशनचा क्रमांक, प्रूफची आवृत्ती आणि तारीख हवी. फाईलच्या नावातही तेच असू द्या, जसं `Q0142_proof_v2.pdf`. 'final', 'final_new', 'final_last' अशी नावं ठेवणाऱ्याकडे कधीतरी चुकीची स्क्रीन निघतेच.

मंजुरी कशाला म्हणायची

कोटेशनमध्ये किती फेऱ्यांचं प्रूफ धरलं आहे ते लिहा. पहिलं प्रूफ आणि दोन दुरुस्त्या हे साधारण कामाला पुरतं. पुढच्या प्रत्येक फेरीचा दर सांगून ठेवा. तो दर सहसा लावावा लागत नाही, पण तो लिहिलेला असला की ग्राहक आपल्या कार्यालयातल्या सगळ्यांची मतं एकदाच गोळा करून पाठवतो.

मंजुरी कोण देणार, त्या एका माणसाचं नाव ऑर्डरच्या वेळीच घ्या. निरोप्या 'सरांना आवडलं' म्हणतो, सरांनी ते मोबाईलवर दोन सेकंद पाहिलेलं असतं. मंजुरी लेखी हवी आणि तिच्यात आवृत्तीचा क्रमांक हवा. ग्राहकाला वाक्य शोधत बसायला लावू नका, तुम्हीच द्या:

"कोटेशन Q0142, प्रूफ आवृत्ती २ मी तपासली आहे. मजकूर, शुद्धलेखन, आकार, जागा, रंग आणि नगसंख्या मंजूर. छपाई सुरू करावी."

सगळ्यात फसवं उत्तर म्हणजे "ओके, फक्त फोन नंबर बदला." ही मंजुरी नाही, ही दुरुस्ती आहे. नंबर बदलून आवृत्ती ३ पाठवायची आणि तिची मंजुरी नव्याने घ्यायची, मग ग्राहक कितीही घाईत असो. नव्या नंबरात एक आकडा उलटसुलट झाला तर ५०० पिशव्यांवर तो तसाच उमटणार आहे, आणि तो कुणी तपासला होता याचं उत्तर कुणाकडेच नसणार.

जबाबदारीची विभागणी एका ओळीत कोटेशनवर टाका: मंजूर प्रूफमध्येच असलेली चूक ग्राहकाची, आणि मंजूर प्रूफशी न जुळणारी छपाई छापणाऱ्याची. दोन्ही अर्धी वाक्यं हवीत. पहिलंच लिहून दुसरं गाळणाऱ्या कोटेशनकडे जाणता ग्राहक संशयाने पाहतो, आणि ते योग्यच आहे.

काही वेळा कागदी प्रूफ पुरत नाही. कापड नवीन आहे, रंगाबाबत ग्राहक काटेकोर आहे किंवा नग खूप मोठे आहेत, अशा वेळी प्रत्यक्ष नमुना छापून दाखवावा. त्यासाठी स्क्रीन आधीच बनवाव्या लागतात आणि एका पिशवीसाठी मशीनची पूर्ण तयारी करावी लागते, म्हणून नमुन्याचा दर तयारीच्या खर्चाच्या जवळपास जातो. नमुन्यानंतर आर्टवर्क बदललं तर स्क्रीन पुन्हा, हेही तिथेच लिहा.

घड्याळ कधी सुरू होतं

'डिलिव्हरी १० दिवसांत' हे वाक्य कोटेशनमध्ये नको. ग्राहक ते ऑर्डरच्या दिवसापासून मोजतो, तुम्ही मंजुरीपासून. असं लिहा: "लेखी मंजुरी, ऍडव्हान्स आणि (ग्राहकाने द्यायचा असल्यास) कोरा माल, यांपैकी जे शेवटी मिळेल त्याच्या दुसऱ्या दिवसापासून १० कामकाजाचे दिवस. वाहतुकीचे दिवस वेगळे."

त्याहून उपयोगी म्हणजे उलटी मोजणी करून मंजुरीची शेवटची तारीख कोटेशनवरच छापणं. समजा ऑर्डरपासून २० व्या कामकाजाच्या दिवशी ग्राहकाचा कार्यक्रम आहे. माल १९ व्या दिवशी हवा, वाहतुकीला २ दिवस, म्हणजे १७ व्या दिवसअखेर निघायला हवा. उत्पादनाचे १० दिवस म्हणजे ८ ते १७. तेव्हा मंजुरी आणि ऍडव्हान्स ७ व्या दिवसअखेर हातात हवेत. पहिलं प्रूफ दुसऱ्या दिवशी जाणार असेल तर ग्राहकाकडे पाच दिवस आहेत, आणि दुरुस्तीची प्रत्येक फेरी त्यातलाच एक दिवस खाते. 'लवकर कळवा' म्हणण्यापेक्षा 'अमुक तारखेनंतर मंजुरी आल्यास कार्यक्रमापूर्वी माल मिळण्याची हमी नाही' ही ओळ जास्त काम करते. त्या तारखेनंतर मशीनवरची जागा दुसऱ्या कामाला दिली जाईल, हेही सांगून टाका. न सांगता दिली तर भांडण होतं.

मंजुरीच्या आधी स्क्रीन बनवून ठेवायचा मोह होतो, विशेषतः ओळखीचं गिऱ्हाईक असेल तेव्हा. करायचंच असेल तर खर्च आपला समजून करा. रद्द करण्याच्या अटी याच क्रमाने लागतात: प्रूफच्या आधी रद्द केलं तर काही नाही, प्रूफनंतर रेखाटनाचा खर्च, स्क्रीन बनल्यावर तयारीची पूर्ण रक्कम आणि परत न जाणारा कोरा माल, आणि छपाई सुरू झाल्यावर पूर्ण किंमत.

मंजुरीपासून पहिल्या छापेपर्यंत

मंजूर आवृत्ती एका वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, बाकीच्या आवृत्त्या तिथे नकोत. स्क्रीन बनवण्यासाठी लागणारी फिल्म त्याच फाईलवरून निघाली पाहिजे. जॉब कार्डाला मंजूर प्रूफची मूळ आकारातली प्रत टाचून ती मशीनपर्यंत जाऊ द्या. पहिली चांगली छाप आली की छपाई थांबवून ती प्रूफशेजारी ठेवायची: शिवणीपासूनचं अंतर मोजायचं, दोन रंग एकमेकांवर नीट बसलेत का पाहायचं, मजकूर पुन्हा वाचायचा, रंग पुस्तकाशी दिवसाच्या उजेडात किंवा त्यासारख्या दिव्याखाली ताडायचा. ज्याने मशीन लावलं त्याच्याखेरीज दुसऱ्या कुणीतरी सही करायची. ती पिशवी काम संपेपर्यंत मशीनजवळ टांगून ठेवा, कारण दोनशेव्या नगाला शाई पातळ झाली की नाही हे आठवणीतून कळत नाही, शेजारी ठेवून कळतं.

नगसंख्येबद्दल शेवटची एक अट: ५ टक्के कमी-जास्त चालेल, बिल प्रत्यक्ष नगांचं, असं बरेच छापणारे लिहितात. कार्यक्रमाला मोजून ५०० माणसं येणार असतील तर ग्राहकाला ४८० चालणार नाहीत. तसं असेल तर 'कमीत कमी ५००' लिहा, ५१६ ऐवजी ५२५ कोऱ्या पिशव्या मागवा आणि तो जादा खर्च दरात धरा.

सहा महिन्यांनी तोच ग्राहक 'मागच्यासारखंच' म्हणून फोन करेल. स्क्रीन किती काळ सांभाळता ते कोटेशनवर लिहिलं असेल तर तयारीची रक्कम कमी करता येते. पण जुनं मंजूर प्रूफ नव्या तारखेने पाठवून पुन्हा मंजुरी घ्याच. मधल्या काळात त्यांचा पत्ता बदललेला असतो.